पोचलेल्या पार्सलचा हिशोब

घरून काही विकायला सुरुवात केली की कुरिअरवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अर्ध्या किलोला किती घेता?" चार ठिकाणी चौकशी होते आणि सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याकडे पार्सलं जायला लागतात. महिनाअखेरीला हिशोब मांडला की खर्च त्या आकड्याच्या दुप्पट निघतो आणि गळती नेमकी कुठे लागली ते सापडत नाही. दर सांगणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं. तो दर खराच असतो, पण तीन अटींवर. पार्सल पॅकिंगसकट अर्ध्या किलोच्या आत बसायला हवं, खोका वजनाच्या मानाने मोठा असता कामा नये आणि ग्राहकाने ते दारात घ्यायला हवं. यातली एक अट मोडली की दर बदलतो. म्हणून तुलना करायचीच तर ग्राहकाच्या हातात पडलेल्या एका पार्सलमागे एकूण किती रुपये गेले, त्या आकड्याची करावी.

माझी मावसबहीण कोल्हापुरात घरून कांदा-लसूण मसाला विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. बऱ्याचशा पुण्या-मुंबईच्या, काही नागपूर-अमरावतीकडच्या. तिचाच माल समोर ठेवून पुढचा हिशोब मांडला आहे. रुपयांचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. खरे दर कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा आपापल्या दरपत्रकातले आकडे घालून हीच मांडणी करून पाहावी.

आधी वजनाचं बघू. खाजगी कुरिअरचं दरपत्रक बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतं. याला सगळे स्लॅब म्हणतात. पार्सल २०० ग्रॅमचं असो की ४९० ग्रॅमचं, दर एकच. पण ५१० ग्रॅम भरलं की थेट एक किलोचा दर लागतो. नागपूरसाठी पहिल्या ५०० ग्रॅमला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ५० रुपये धरू. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पुष्कळ दरपत्रकांत तो धरलेला नसतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्हींत कर धरला आहे की नाही, एवढं विचारून घ्यावं. निम्मी "स्वस्ताई" तिथेच संपते.

बहीण सुरुवातीला अर्ध्या किलोची पाकिटं विकायची. साहजिकच आहे, मसाला, चटणी, भाजणी म्हटलं की आपल्याला पाव, अर्धा आणि एक किलोच सुचतो. आता तिचं पार्सल काट्यावर ठेवू. मसाला ५०० ग्रॅम. झिपचा जाड पाऊच १५ ग्रॅम. सात इंच लांब, पाच रुंद आणि तीन उंच असा पुठ्ठ्याचा खोका ७५ ग्रॅम. आत बबल रॅप, वर चिकटपट्टी आणि पत्त्याचं लेबल मिळून २० ग्रॅम. एकूण ६१० ग्रॅम. दर लागला एक किलोचा, म्हणजे ११० रुपये, आणि करासकट जवळजवळ १३०. यात ३९० ग्रॅम जागेचे पैसे तिने दर पार्सलला भरले आणि पाठवलं काहीच नाही.

मग तिने पाकीट ४०० ग्रॅमचं केलं. तरीही खोक्यात घातल्यावर पार्सल ५१० ग्रॅम भरलं! दहा ग्रॅमसाठी पुन्हा एक किलोचा दर. तेव्हा कुठे लक्षात आलं की मसाल्याइतकाच खोकाही वजनात धरायचा असतो. एका पाकिटाच्या ऑर्डरीसाठी तिने खोका काढून टाकला आणि जाड प्लॅस्टिकची कुरिअर बॅग घेतली. ही पिशवी १५ ग्रॅमच्या आसपास भरते. पाऊच, थोडा बबल रॅप आणि लेबल धरून सगळं पार्सल ४४० ते ४५० ग्रॅममध्ये बसलं. करासकट खर्च आला ७० रुपये ८० पैसे. आधीपेक्षा ५९ रुपये कमी.

४०० ग्रॅमचा आणखी एक फायदा पुढे दिसला. अशी दोन पाकिटं खोक्यात घातली की ८०० ग्रॅम मसाला, दोन पाऊच, खोका आणि बाकीचं सामान मिळून ९२५ ग्रॅम होतात. म्हणजे एक किलोचा टप्पा जवळजवळ पूर्ण वापरला जातो. अर्ध्या किलोची दोन पाकिटं घातली असती तर पार्सल दीड किलोच्या टप्प्यात गेलं असतं. आपल्या मालाचं पाकीट किती ग्रॅमचं असावं, हे वाण्याच्या सवयीवरून न ठरवता उलट्या बाजूने ठरवावं: टप्प्यातून पॅकिंगचं वजन वजा करा, वर तीस-चाळीस ग्रॅमची मोकळीक सोडा आणि उरेल तो माल. पाकिटावर निव्वळ वजन ठळक छापलेलं असावं आणि किंमतही त्याच प्रमाणात असावी, हे ओघाने आलंच. अर्ध्या किलोच्या भावात ४०० ग्रॅम देणं ही फसवणूक होईल आणि गिऱ्हाईक ती पहिल्याच ऑर्डरीत ओळखतं.

मोकळीक का सोडायची, तर घरातला वजनकाटा आणि कुरिअरच्या हबमधला काटा तंतोतंत जुळत नाहीत. घरातला काटा अधूनमधून तपासावा. मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा त्यावर ठेवला तर पिशवीच्या वजनामुळे काट्याने एक किलोहून किंचित जास्त दाखवायला हवं. कमी दाखवत असेल तर तो काटा रोज आपल्याला टप्प्याच्या पलीकडे ढकलत असणार.

वजनाबरोबर अंतरही दरात धरलेलं असतं. शहरातल्या शहरात, राज्यात, महानगर ते महानगर, उरलेला देश आणि शेवटी ईशान्य भारत किंवा जम्मू-काश्मीरसारखा लांबचा भाग, अशी साधारण विभागणी असते. त्याला झोन म्हणतात. पण झोनची व्याख्या प्रत्येकाची वेगळी असते. कोल्हापूरहून बेळगाव हाकेच्या अंतरावर, तरी ते दुसऱ्या राज्यात. नागपूर त्याच्या कित्येक पट लांब, तरी आपल्याच राज्यात. राज्याच्या हद्दीवरून झोन ठरवणाऱ्या कंपनीकडे नागपूर स्वस्त पडेल, तर किलोमीटरवर ठरवणाऱ्या कंपनीकडे बेळगाव. आपल्या गेल्या महिन्याच्या ऑर्डरींचे पिनकोड काढावेत आणि जे पाच-सहा वारंवार येतात त्यांचेच दर विचारावेत. देशभराचं दरपत्रक वाचून काही हाती लागत नाही.

मसाल्यासारख्या जड मालाला वजनाचा टप्पा नडतो. हलक्या आणि फुगीर मालाला नडतो तो आकार. बहिणीच्या शेजारच्या काकू कुरडया विकतात. अर्धा किलो कुरडया, त्या मोडू नयेत म्हणून मोठा खोका आणि चहूबाजूंनी कागदाचे बोळे. काट्यावर पार्सल ७०० ग्रॅम भरलं, काकूंनी एक किलोचे पैसे धरले आणि बिल आलं तीन किलोचं. त्यांना वाटलं, कुणीतरी काट्यात गडबड केली. गडबड नव्हती. ट्रकमधली जागा विकली जाते तेव्हा कापसाचं पोतंही लोखंडाइतकीच जागा अडवतं, म्हणून कुरिअर कंपन्या आकारावरूनही वजन काढतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येणारा आकडा किलोमध्ये असतो. काट्यावरचं वजन आणि हे आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात.

काकूंचा खोका ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा होता. गुणाकार १५,०००, भागिले ५००० म्हणजे बरोबर तीन किलो. हाच खोका ४००० ने भागणाऱ्या कंपनीकडे गेला असता तर पावणेचार किलो निघून बिल चार किलोचं झालं असतं. भाजक कितीचा, हा प्रश्न दर विचारण्याच्या आधी विचारावा. काही ठिकाणी रस्त्याने जाणाऱ्या आणि विमानाने जाणाऱ्या पार्सलांचे भाजकही वेगळे असतात.

आता खोका लहान करता येतो का ते बघू. कुरडया एकात एक घट्ट बसत नाहीत, पण थर लावून मध्ये पुठ्ठ्याचा पातळ तुकडा ठेवला तर बोळ्यांची जागा वाचते. २५ बाय २० बाय १२ चा खोका घेतला तर गुणाकार ६००० आणि वजन १.२ किलो, म्हणजे दीड किलोचा टप्पा. तीनावरून दीडवर. हे करताना एक गोष्ट सांभाळावी. खोका गच्च भरला की त्याची झाकणं वर फुगतात आणि हबमधलं मापाचं यंत्र सर्वांत उंच जागा धरतं. बारा सेंटिमीटरचा खोका चौदाचा मोजला गेला तर गुणाकार ७००० होतो आणि १.४ किलो येतं. इथे टप्पा ओलांडत नाही, पण आणखी दोन सेंटिमीटर फुगवटा आला तर १.६ किलो होऊन पार्सल दोन किलोत जातं. माप नेहमी टेप मारून झाल्यावर, बाहेरून घ्यावं.

हबमधलं वजन आपल्या वजनाशी जुळलं नाही तर काय होतं, हे ठिकाणावर अवलंबून असतं. गल्लीतल्या कुरिअरच्या काउंटरवर आपल्यासमोर वजन होतं, रोख पैसे दिले जातात आणि विषय तिथेच मिटतो. ॲग्रिगेटरकडे मात्र तसं नसतं. ॲग्रिगेटर म्हणजे एकाच ॲपवर आठ-दहा कुरिअर कंपन्यांचे दर दाखवून आपलं पार्सल त्यांपैकी एकीला देणारी मधली कंपनी. शिपरॉकेट हे त्यातलं बऱ्याच जणांना माहीत असलेलं नाव. तिथे वॉलेटमध्ये आधी पैसे भरावे लागतात. वजन आणि माप आपण लिहायचं, त्यानुसार पैसे कापले जातात, आणि काही दिवसांनी हबचं वजन जास्त निघालं तर फरकही त्याच वॉलेटमधून कापला जातो. पार्सल तोवर पोचून उघडलेलंही असतं. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात, बहुधा आठवडाभर. त्या मुदतीत पुरावा दिला नाही तर वाढीव वजन आपल्याला मान्य आहे असं धरतात.

पुरावा म्हणजे फोटो. आणि तो पॅकिंग पूर्ण झाल्यावरचा हवा. पार्सल काट्यावर, काट्याचा आकडा आणि लेबलवरचा क्रमांक एकाच चौकटीत दिसेल असा एक. लांबी, रुंदी, उंचीला टेप लावलेले तीन. बहिणीने ओट्याच्या एका कोपऱ्यात काटा कायमचा मांडून ठेवला आहे आणि शिंप्याची टेप भिंतीवरच्या खिळ्याला. पार्सल सील झालं की चार फोटो, मगच ते पिशवीत जातं. पूर्वी वॉलेटमधून वीस-पंचवीस रुपये का गेले याचा पत्ता लागायचा नाही. आता दर सोमवारी ती कापलेल्या रकमांची यादी काढते आणि ज्या पार्सलाचं वजन वाढलेलं दिसेल त्याचे फोटो चढवते. सगळ्याच हरकती मान्य होत नाहीत, पण फोटो नसलेली एकही होत नाही.

पॅकिंगवर पैसे वाचवताना मालाचा स्वभाव बघावा लागतो. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं. साध्या पातळ पिशवीतून ते दोन दिवसांत बाहेर झिरपतं, पुठ्ठा पिऊन घेतो आणि लेबलवरची शाई फुटते. पत्ता वाचता आला नाही की पार्सल हबमध्ये पडून राहतं. शेजारच्या पार्सलावर डाग पडला तर तक्रार आपल्या नावावर येते. म्हणून पाऊच अनेक पदरी, जाड हवा. नुसत्या झिपवर विसंबू नये, झिपच्या वर सीलिंग मशीनने पट्टी मारावी आणि सील करण्याआधी आतली हवा दाबून काढावी. हवा राहिली तर पार्सलांच्या ढिगाखाली पाऊच फुग्यासारखा फुटतो.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. भरलेला पाऊच वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा, त्यावर पाच किलोचा तांदळाचा डबा ठेवायचा आणि सकाळी कागद पाहायचा. तेलाचा ठिपका दिसला तर पाऊच किंवा सील कच्चं. खोक्याची परीक्षा आणखी सोपी. टेबलाच्या उंचीवरून तो एकदा तळावर, एकदा कोपऱ्यावर आणि एकदा बाजूवर पाडायचा. कुरिअरमध्ये पार्सल हळुवार उचललं जाईल अशी आशा धरू नये. एका पाकिटाला कुरिअर बॅग पुरते, दोन पाकिटांना तीन पदरी खोका पुरतो. काचेच्या बरणीला पाच पदरी खोका लागतो आणि तरी जीव मुठीत असतो. लोणच्यासारखा पातळ, तेलकट माल काही कंपन्या घेतच नाहीत, त्यामुळे बुकिंगआधी विचारावं. पावडर आणि तेलकट माल विमानाच्या तपासणीत अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून मसाला रस्त्याने पाठवलेला बरा. दोन दिवस उशीर होतो, पण अडकत नाही आणि स्वस्तही पडतो. पावसाळ्यात खोक्यावरही कुरिअर बॅग चढवावी. तिचे पंधरा ग्रॅम वजनात धरायला विसरू नये.

आता सर्वांत मोठी गळती. ग्राहकाने पार्सल घेतलं नाही की ते परत येतं आणि परतीचंही भाडं लागतं. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात. पैसे आधी भरलेल्या ऑर्डरी क्वचित परत येतात. माल हातात आल्यावर पैसे, म्हणजे सीओडी, अशा ऑर्डरींत परतीचं प्रमाण बरंच जास्त असतं. कुणी फोन उचलत नाही, कुणाचं मन बदलतं, कुणाच्या घरी त्या वेळी सुटे पैसे नसतात. काही कंपन्या परतीला जातानाइतकंच भाडं लावतात, काही थोडं कमी. वर सीओडीचं वेगळं शुल्क असतं, ठरावीक रक्कम किंवा बिलाचे काही टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. पार्सल परत आलं तर सीओडीचं शुल्क माफ होतं का, हे विचारून ठेवावं. बहुतेक ठिकाणी होतं.

दोन कंपन्या घेऊ. पहिली नागपूरकडच्या ४५० ग्रॅमच्या पार्सलाला जाताना ६० आणि परतीला ६० रुपये घेते. सीओडी ४० रुपये. दुसरी जाताना ६८, परतीला ५० आणि सीओडी ३५ रुपये. नुसता जाण्याचा दर पाहिला तर पहिली आठ रुपयांनी स्वस्त. पण दुसरीचा त्या भागातला माणूस घरी जाण्याआधी फोन करतो, म्हणून तिच्याकडे शंभरातली १० पार्सलं परत येतात, पहिलीकडे १५.

शंभर सीओडी पार्सलांचा हिशोब असा. पहिलीकडे जाण्याचे ६००० रुपये, पोचलेल्या ८५ पार्सलांचं सीओडी शुल्क ३४०० आणि परतीचे ९००, मिळून १०,३००. करासकट १२,१५४. पॅकिंगचे पार्सलमागे १२ रुपये धरले तर १३,३५४. पोचली ८५, म्हणजे एकामागे १५७ रुपये. दुसरीकडे जाण्याचे ६८००, सीओडी ३१५० आणि परतीचे ५००, मिळून १०,४५०. कर आणि पॅकिंग धरून १३,५३१. पोचली ९०, म्हणजे एकामागे १५० रुपये. आठ रुपयांनी महाग दिसणारी कंपनी सात रुपयांनी स्वस्त निघाली.

खाण्याच्या मालात फरक याहून मोठा असतो. परत आलेलं पाकीट दोन-तीन आठवडे गोदामांतून आणि ट्रकमधून फिरून आलेलं असतं. ते कुठल्या उन्हात पडलं होतं कुणाला ठाऊक, त्यामुळे बहीण ते पुन्हा कुणाला पाठवत नाही. पाकिटाचा बनवण्याचा खर्च १९० रुपये धरला तर पहिल्या कंपनीत १५ पाकिटांचे २८५० रुपये बुडाले आणि दुसरीत १० पाकिटांचे १९००. ते मिळवले तर पोचलेल्या पार्सलमागे पहिलीकडे १९१ आणि दुसरीकडे १७१ रुपये पडतात. वीस रुपयांचा हा फरक दरपत्रकावर कुठेही छापलेला नसतो. कपडे किंवा दागिने विकणाऱ्याचा माल परत आल्यावर पुन्हा विकता येतो, त्याच्यासाठी ही वाढीव रक्कम नसेल. मात्र परत आलेली साडी उघडून, इस्त्री करून, नव्या पिशवीत घालण्याचा खर्च त्याने धरावा.

शंभरातली किती परत येतात, हे कुठल्याच कंपनीने सांगितलेलं धरू नये. आपल्याच वहीत काढावं. बहीण वहीत पाच रकाने आखते: पिनकोड, कंपनी, लिहिलेलं वजन, कापलेले एकूण पैसे, आणि पोचलं की परत आलं. पन्नास-साठ पार्सलं झाली की कुठल्या भागात कोणती कंपनी नीट पोचवते, हे आपोआप दिसायला लागतं. एकच कंपनी पुण्यात उत्तम आणि यवतमाळच्या एखाद्या तालुक्यात ढिसाळ असू शकते, कारण शेवटचा टप्पा तिथला स्थानिक माणूस सांभाळतो.

परतीचं प्रमाण आपल्या हातानेही कमी होतं. पार्सल न पोचल्याचा निरोप ॲपवर येतो त्याच दिवशी ग्राहकाला फोन करावा. "दार बंद होतं" असं लिहून आलेलं असताना माणूस दिवसभर घरी होता, असंही निघतं; मग त्याच वेळी दुसरी फेरी मागता येते. साधारण तीन फेऱ्यांनंतर पार्सल माघारी वळतं आणि एकदा वळलं की थांबवणं अवघड. सीओडी मागणाऱ्याकडून शंभर रुपये आधी घ्यायची पद्धत बहिणीने सुरू केली. तिचं म्हणणं, "शंभर भरलेला माणूस फोन उचलतोय बघ." काही ऑर्डरी त्यामुळे सुटतात. ज्या सुटतात त्यांतल्या बऱ्याच तशाही परत आल्या असत्या, असं तिची वही सांगते.

आरटीओत आणि ग्राहकाने वापरून परत केलेल्या मालात गल्लत करू नये. ग्राहकाच्या घरून माल उचलून आणायचा तर उलटा पिकअप लावावा लागतो आणि त्याचं भाडं बहुधा जाण्याच्या भाड्यापेक्षा जास्त असतं. मसाल्यात तो लावण्यात अर्थच नाही. फुटलेल्या पाकिटाचा फोटो मागवून नवं पाकीट पाठवलेलं किंवा पैसे परत केलेले स्वस्त पडतात.

मग पाठवायचं कशाने? बहिणीने एकच मार्ग धरलेला नाही. कोल्हापूर, सांगली, पुणे इथल्या आधी पैसे भरलेल्या ऑर्डरी ती गल्लीतल्या कुरिअरच्या काउंटरवर देते. तिथे महिन्याला ठरावीक पार्सलं देणाऱ्याला दरात सूट मिळते, वॉलेटची भानगड नसते आणि आकारमानाबाबत काउंटरवाला जरा सैल असतो. पण तिथे सीओडी मिळत नाही. सीओडीच्या ऑर्डरी ॲग्रिगेटरवर जातात, पिनकोड बघून कंपनी निवडून. त्यांचे पैसे पार्सल पोचल्यावर आठवडा-दीड आठवड्याने खात्यात येतात, तेवढं भांडवल अडकून राहतं हे गृहीत धरावं लागतं.

खेड्यापाड्यांतल्या ऑर्डरींसाठी पोस्ट. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत. खाजगी कंपन्या ज्या गावाला "डिलिव्हरीच्या कक्षेबाहेर" म्हणून जादा आकार लावतात किंवा पार्सलच घेत नाहीत, तिथेही पोस्टमन जातो. गडचिरोलीतल्या आणि मेळघाटातल्या ऑर्डरी ती स्पीड पोस्टनेच पाठवते. स्पीड पोस्टचे नवे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. कागदपत्रांचे दर पाहून पार्सलाचा हिशोब करू नये. पॅक केलेलं पार्सल काउंटरवर नेऊन वजन करून घ्यावं, पार्सल म्हणून दर विचारावा आणि न पोचता परत आलं तर आकार लागतो का, तेही तिथेच विचारावं. खिडकीपर्यंत जाण्याचा आणि रांगेचा वेळ हाच या मार्गाचा मोठा खर्च. म्हणून ती आठवड्यातून दोनच दिवस पोस्टात जाते आणि तसं गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगते.

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे ही सगळी मांडणी बदलते. हब भरलेले असतात, पार्सलं रेंगाळतात आणि रेंगाळलेलं सीओडी पार्सल नाकारलं जाण्याची शक्यता वाढते, कारण तोवर घरात दुसरीकडून मसाला आलेला असतो. त्या दिवसांत बहीण लांबच्या जिल्ह्यांची सीओडी बंद ठेवते आणि वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डरी घेणं थांबवते.